आयएसएमबी ३०० की आयएसएलबी ३२५?

बाजूने पूर्ण आधार असलेल्या, ६ मीटर गाळ्याच्या साध्या तुळईवर स्ववजनासह दर मीटरला २० किलोन्यूटन भार असेल, तर बेंडिंग मोमेंट ९० किलोन्यूटन-मीटर येतो. २५० मेगापास्कल यील्डच्या पोलादासाठी वर्किंग स्ट्रेस पद्धतीतील १६५ मेगापास्कलने त्याला भागल्यास सुमारे ५४५ घन सेंमी सेक्शन मॉड्युलस लागतो. जुन्या तक्त्यांनुसार आयएसएमबी ३०० सुमारे ५७४ देतो आणि मीटरला ४४.२ किलो भरतो. आयएसएलबी ३२५ चे आकडे ६०८ आणि ४३.१ आहेत. उंची अडत नसेल, तर मी दुसराच घेईन.

शिअर मात्र वेबच्या क्षेत्रफळावर, म्हणजे एकूण उंची गुणिले वेबची जाडी यावर तपासावा. येथे ६० किलोन्यूटनला दोन्हींत सुमारे २७ मेगापास्कल येतात, मर्यादा १०० आहे. पण तोच मोमेंट आधारापासून ०.३ मीटरवरील एकाच जड भाराने आला, तर त्या आधाराची प्रतिक्रिया ३०० किलोन्यूटन होते, ताण १३० च्या पुढे जातो आणि मॉड्युलस पुरेसा असूनही दोन्ही सेक्शन नापास होतात. एलबीची वेब ७ मिमी, एमबीची ७.५, जादा उंचीने ती उणीव जेमतेम भरून निघते, त्यामुळे अशा वेळी जाड वेबचा मोठा सेक्शनच शोधावा लागतो.