लॉक स्क्रीनवरचे घड्याळ, आईचे कपाळ आणि राजवाडा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या हिवाळ्यात मी इंदूरच्या राजवाड्यासमोरील बागेत आईचे एक छायाचित्र काढले. मागे राजवाड्याचा सात मजली दर्शनी भाग, खालचे दगडी मजले आणि वरचे लाकडी मजले असे सारे स्पष्ट दिसते. डाव्या बाजूला अहिल्याबाईंचा पुतळा आहे आणि मध्यभागी आई उभी आहे. नवा फोन घेतल्यावर हेच छायाचित्र लॉक स्क्रीनवर ठेवायचे असे मी ठरवले होते. ठेवल्यावर पाहिले तर आईच्या कपाळावर घड्याळाचे आकडे बसलेले होते आणि पुतळा मधोमध कापला गेला होता. त्यानंतरच्या आठ महिन्यांत मी या एकाच छायाचित्रावर जे प्रयोग केले, त्यांचा हा अनुभव आहे.

प्रथम पुतळा का कापला गेला ते सांगतो, कारण घड्याळाच्या अडचणीचे मूळही तिथेच आहे. फोनचा कॅमेरा उभे छायाचित्र ३:४ या प्रमाणात काढतो. माझे छायाचित्र ३००० पिक्सेल रुंद आणि ४००० पिक्सेल उंच आहे. पडदा मात्र १०८० गुणिले २४००, म्हणजे ९:२० या प्रमाणाचा, बराच लांबट आहे. पडदा पूर्ण भरायचा म्हणून फोन छायाचित्राची उंची जशीच्या तशी ठेवतो आणि रुंदीतून फक्त मधले १८०० पिक्सेल घेतो. दोन्ही बाजूंचे प्रत्येकी ६०० पिक्सेल जातात. पुतळा डाव्या कडेपासून ४५० ते ७०० पिक्सेलच्या दरम्यान होता, त्यामुळे कात्री बरोबर त्याच्यावरून फिरली.

आता घड्याळ. वॉलपेपर निवडताना दिसणाऱ्या नमुन्यावर मी आधी विसंबलो आणि फसलो, कारण माझ्या फोनच्या त्या नमुन्यात तारीख आणि हवामानाची ओळ दिसतच नाही. खरे माप हवे असेल तर लॉक स्क्रीनचा स्क्रीनशॉट घ्यावा, तो गॅलरीत उघडावा आणि घड्याळाची खालची कड वरून किती अंतरावर येते ते पाहावे. माझ्या फोनवर ती ७०० पिक्सेलवर येते, म्हणजे वरचा तीन दशांशाच्या आसपासचा भाग घड्याळाचा. आईचे डोके मूळ छायाचित्रात वरून ९०० पिक्सेलवर सुरू होते आणि हनुवटी १३०० वर आहे. पडद्यावर हेच अंतर ५४० ते ७८० असे होते. घड्याळ ७०० पर्यंत पोहोचत असल्यामुळे हनुवटीखेरीज काहीच मोकळे राहत नव्हते.

छायाचित्र खाली सरकवावे, हा सर्वांना सुचणारा पहिला उपाय. तो चालत नाही, कारण उंची आधीच काठोकाठ बसलेली असते आणि सरकवायला जागाच उरत नाही. मात्र दोन बोटांनी छायाचित्र मोठे केले आणि त्याची वरची कड पडद्याच्या वरच्या कडेला टेकवून ठेवली, तर चेहरा आपोआप खाली येतो. माझ्या बाबतीत १.४ पट मोठे केल्यावर डोके ७६० च्या जवळ आले आणि घड्याळ सुटले. हा उपाय मी सुमारे दोन महिने वापरला. त्याची किंमत अशी की रुंदीतले जेमतेम १३०० पिक्सेल उरतात, पुतळा पूर्णच नाहीसा होतो आणि आईचे पायही कापले जातात. चेहरा जवळून दिसावा एवढेच हवे असेल, त्याला हा उपाय पुरेसा आहे. एक इशारा मात्र द्यायला हवा: छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या पद्धतीने आलेले असेल तर ते आधीच बरेच लहान झालेले असते आणि मोठे केल्यावर चेहरा धुरकट दिसतो. मूळ छायाचित्र डॉक्युमेंट म्हणून मागवून घ्यावे.

मधल्या काळात माझ्या भाच्याने त्याच्या आयफोनवर हेच छायाचित्र लावून दाखवले. आयओएस १६ पासून, म्हणजे २०२२ पासून, त्या फोनवर माणसाची आकृती वेगळी ओळखली जाते आणि तिचा थोडा भाग घड्याळाच्या पुढे येतो. "मामा, आता आजी घड्याळाच्या पुढे उभी आहे," असे तो म्हणाला, आणि दृश्य खरोखरच देखणे होते. पण डोक्याने मधल्या आकड्यांचा खालचा भाग झाकला की इंग्रजी ८ आणि ९ यांतला फरक एका नजरेत कळत नाही. आकृती घड्याळ फारच झाकत असेल तर फोन स्वतःच हा परिणाम देत नाही. थोडासा पदर किंवा केसांची वरची कड आकड्यांवर यावी, एवढ्यापुरताच तो शोभतो असे माझे मत झाले.

शेवटी जो उपाय टिकला, तो छायाचित्राच्या बाहेर जागा निर्माण करण्याचा. छायाचित्र संपादनाच्या अ‍ॅपमध्ये मी १०८० गुणिले २४०० मापाचा कोरा कॅनव्हास घेतला, छायाचित्र निम्मे करून, म्हणजे १५०० गुणिले २००० करून, तळाशी टेकवले. वर ४०० पिक्सेलची मोकळी पट्टी उरली. तिथे छायाचित्राच्या वरच्या कडेचा आकाशाचा रंग उचलून भरला आणि जोड दिसू नये म्हणून कड किंचित पुसट केली. आता डोके ८५० वर आणि हनुवटी १०५० वर आली. शिवाय बाजूंचे ६०० ऐवजी ४२० पिक्सेलच गेल्यामुळे पुतळा पूर्ण दिसू लागला. राजवाड्याच्या माथ्यावर थोडे आकाश मूळ छायाचित्रातच होते, म्हणून हे जमले. इमारतीचा माथाच कापलेला असता तर वर रंग भरून काही उपयोग झाला नसता. पांढरे आकडे फिकट आकाशावर नीट दिसेनात, तेव्हा वरची पट्टी मला जरा गडद निळी करावी लागली. खऱ्या आकाशाशी थोडी प्रतारणा झाली, हे मान्य.

सूचनांचा त्रास मात्र या उपायानंतर वाढला. माझ्या फोनवर त्या घड्याळाच्या लगेच खाली येतात, म्हणजे थेट आईच्या चेहऱ्यावर. मी त्या केवळ लहान चिन्हांच्या रूपात दाखवण्याची सेटिंग निवडली. पत्नीच्या फोनवर तर सूचना नसताना घड्याळ मोठे होऊन दोन ओळींत मधोमध येते आणि सूचना आली की आक्रसून वर जाते. अशा फोनवर दोन्ही स्थितींचे स्क्रीनशॉट घेऊनच माप ठरवावे.

होम स्क्रीनसाठी हेच चित्र वापरण्याचा हट्ट मी महिन्याभरात सोडला. तिथे घड्याळाऐवजी चिन्हांच्या ओळी आईवर येत होत्या. शिवाय माझ्या फोनवर पाने सरकवताना वॉलपेपरही आडवा सरकतो, त्यामुळे त्याला पडद्यापेक्षा रुंद चित्र लागते; कॅनव्हासवर तयार केलेले अरुंद चित्र तो स्वतःहून मोठे करून वरखाली कापत होता. आता तिथे आईच्या महेश्वरी साडीच्या निऱ्यांचे जवळून घेतलेले ३:४ छायाचित्र आहे, न कापलेले. काठ चौकटीबाहेर ठेवला आहे, कारण जरीच्या रेघांवर चिन्हांखालची नावे वाचता येत नव्हती.

सहाव्या महिन्यात एका अपडेटनंतर घड्याळ थोडे मोठे झाले आणि त्याची खालची कड ७६० वर आली. डोके ८५० वर असल्यामुळे मला काहीच बदलावे लागले नाही; मोठे करून बसवलेले जुने चित्र असते तर आकडे पुन्हा आईच्या केसांना टेकले असते.