गावातली सोयरीक की बायोडाटाचा ग्रुप?

आमच्याकडं यवतमाळकडच्या गावात सोयरीक काढताना मध्यस्थ आधी जात विचारतच नाही, ती धरलेलीच असते, तो विचारते आडनाव काय, कूळ काय, मामा कुठले. म्हणजे जातीच्या आत पण कुळाच्या बाहेर, हे दोन्ही नियम तिथं सोबतच चालतात. आणि मामाची पोरगी असली तर उलट बरं, ओळखीचं घर.

आता समजा पोट्टा पुण्यात आयटीत आहे. ग्रुपवर बायोडाटा टाकला की जातीचा कॉलम भरावाच लागते, पण कुणब्यांतली तिरळे, धनोजे, खैरे ही पोटजात पाहणं ढिलं पडलं, तिरळ्याची पोरगी धनोज्याच्या घरी दिली तर म्हातारे थोडं कुरकुरतात अन् जेवायला येतातच. कूळ मात्र बरेच जण लिहीतच नाहीत, मग पसंती होऊन गेल्यावर आजी विचारते अन् दोघांचं एकच निघालं की सगळं फिसकटते. गावचा मध्यस्थ हे पहिल्याच दिवशी सांगून मोकळा झाला असता ना!

कायद्याचं वेगळंच, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात सगोत्राला बंदी नाही, सपिंडाला म्हणजे जवळच्या रक्ताच्या नात्याला आहे, आईकडून ३ पिढ्या अन् बापाकडून ५. मामाची पोरगी त्यात येते, पण रूढी असली तर चालते. म्हणजे आजी जे मोडते ते कायद्याला चालते, अन् आजीला जे आवडते ते फक्त रूढीच्या सवलतीवर टिकते.

माझ्या मते शहरात जात टिकली, सैल झाली ती पोटजात.