फायनल फिल्मची मास्टर प्रत एफएफव्ही1 मध्ये: काही महिन्यांच्या वापरानंतर

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या छोट्या एडिटिंग स्टुडिओत फिल्म संपली की प्रोरेस 422 एचक्यूची फाइल काढायची आणि तीच मास्टर म्हणून डिस्कवर ठेवायची, अशी रीत होती. गेले काही महिने मास्टर एफएफव्ही1 कोडेकमध्ये, एमकेव्ही फाइलमध्ये ठेवतोय.

प्रोरेसला नावं ठेवायला जागा नाही. 10 बिट आहे, कुठेही उघडतो, कलर पुन्हा थोडा हलवायचा म्हटलं तरी चित्र फाटत नाही. पण तो लॉसी आहे, एन्कोड करताना थोडं काहीतरी जातंच. एफएफव्ही1 मध्ये काहीच जात नाही, फाइल उलगडली की पिक्सेल जसेच्या तसे परत मिळतात. शिवाय त्याची रचना 2021 मध्ये आरएफसी 9043 या खुल्या दस्तऐवजात छापली गेली आहे, त्यामुळे वीस वर्षांनी आजचं सॉफ्टवेअर नसलं तरी तो वाचून कुणालाही डीकोडर लिहिता येईल.

आता किंमत. तालमीवरची एक 24 मिनिटांची फिल्म केली, 1080पी, 25 फ्रेम. प्रोरेस 422 एचक्यूमध्ये ती साधारण 33 जीबी होते. अनकम्प्रेस्ड 10 बिट काढली तर जवळपास 200 जीबी. एफएफव्ही1 मध्ये आमची फाइल 85 जीबीच्या आसपास आली, म्हणजे प्रोरेसच्या अडीचपट. याचं कारण चित्रातच आहे. हा कोडेक शेजारच्या पिक्सेलवरून पुढच्याचा अंदाज बांधतो आणि चुकलेला फरक तेवढा लिहून ठेवतो. काळ्या पट्टीवरचं टायटल त्याला फुकटात पडतं. पहाटेच्या अंधारात आयएसओ चढवून घेतलेली जोर-बैठकांची दृश्यं, त्यात उडणारी तांबडी माती, तिथे ग्रेनचा अंदाज लागतच नाही आणि फाइल फुगते. मास्टर किती मोठी होणार हे शूटिंगच्या वेळी दिव्यांवरच ठरतं म्हणा ना.

एक गोष्ट नीट समजून घ्या. आधीच काढलेली प्रोरेस फाइल एफएफव्ही1 मध्ये बदलून काहीही मिळत नाही. गेलेलं परत येत नाही, फक्त डिस्क भरते. म्हणून टाइमलाइनवरून थेट अनकम्प्रेस्ड 10 बिट 4:2:2 एमओव्ही काढायची आणि मग एफएफएमपेगला द्यायची. आवाज 24 बिट पीसीएम आहे, तो तसाच राहू द्यायचा:

```
ffmpeg -i film.mov -c:v ffv1 -level 3 -g 1 -slices 24 -slicecrc 1 -c:a copy film.mkv
```

नंतर दोन्ही फाइलींच्या चित्राचा एमडी5, म्हणजे त्या डेटाच्या बोटांच्या ठशासारखा आकडा, काढायचा:

```
ffmpeg -i film.mov -map 0:v -f md5 -
ffmpeg -i film.mkv -map 0:v -f md5 -
```

दोन्ही आकडे अक्षरन् अक्षर जुळले की 200 जीबीची फाइल बिनधास्त उडवायची. जुळले नाहीत तर वाटेत कुठेतरी पिक्सेल फॉरमॅट बदललाय असं समजा. 10 बिटचं 8 बिट झालंय का ते आधी बघा.

मला यातलं सगळ्यात आवडलेलं म्हणजे ते `slicecrc`. प्रत्येक फ्रेमचे 24 तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला स्वतःची बेरीज-तपासणी असते. एकदा मुद्दाम एका प्रतीत हेक्स एडिटरने मधलाच एक बाइट बदलला आणि ही तपासणी चालवली:

```
ffmpeg -v error -i film.mkv -f null -
```

लगेच `slice CRC mismatch` आलं, आणि बिघाड एका फ्रेमच्या एका तुकड्यापुरताच होता. तोच प्रकार प्रोरेसवर केला तर फाइल मुकाट्याने चालली, एका फ्रेममध्ये बारीकसा डाग आला, तोही कुठे बघायचं हे माहीत होतं म्हणून दिसला. प्रोरेससोबत वेगळा एमडी5 ठेवला तर फाइल बिघडली एवढं कळतं, नेमकी कुठे ते नाही. जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर माल हलवताना हा फरक फार मोठा आहे.

आता कटकटी. क्विकटाइम प्लेअर ही फाइल उघडत नाही. आमचं एडिटिंग सॉफ्टवेअरही घेत नाही, म्हणजे नवा कट करायचा तर आधी परत प्रोरेस बनवा. व्हीएलसीत चालते, पण स्टुडिओतल्या जुन्या लॅपटॉपवर अडखळत. तालमीच्या वस्तादांना चुकून हीच प्रत पेनड्राइव्हवर गेली असती तर "दादा, ह्यात काय दिसंना की" असा फोन ठरलेला. त्यांना एच.264 च द्यायची. दाखवायला आणि पुन्हा कापायला प्रोरेसची प्रत शेजारी ठेवावीच लागते, म्हणजे या एका फिल्मला सगळं मिळून 120 जीबीच्या आसपास. त्याची दुसरी डिस्क आम्ही सांगलीला नाही, पुण्याला ठेवतो. 2019 च्या महापुरात कोल्हापूर आणि सांगली दोन्ही एकदमच पाण्यात होती.

लग्नाचे व्हिडिओ, मोबाइलवर शूट केलेल्या मुलाखती यांच्यासाठी मी हा उपद्व्याप करत नाही. तिथे मूळ फुटेजच 8 बिट, दाबलेलं असतं; प्रोरेस आणि सोबत एमडी5 भरपूर झाला. पण ज्या आखाड्याचं चित्रण पुन्हा होणार नाही, त्याच्या फिल्मला एफएफव्ही1. टायटल नसलेली एक स्वच्छ प्रत आणि मराठी सबटायटलची यूटीएफ-8 मधली एसआरटी फाइलही त्याच फोल्डरमध्ये टाका, कारण चित्रावर छापलेली अक्षरं नंतर कुठल्याच कोडेकने निघत नाहीत.