गेन २९ की ८? साधा आणि बफरवाला आरसी फेज-शिफ्ट ऑसिलेटर, शेजारी शेजारी

एका पुस्तकात लिहिलेलं असतं की फेज-शिफ्ट ऑसिलेटरला २९ गेन लागतो. दुसऱ्या ठिकाणी तोच आकडा ८ असतो. दोन्ही बरोबर आहेत, फक्त दोन वेगळ्या सर्किटांचे आहेत. साधारण १ किलोहर्ट्झची साइन वेव्ह हवी आहे आणि यापैकी कोणतं बांधावं हे ठरत नाही, अशांसाठी हा आढावा आहे.

अट दोघांना एकच, बार्कहाउझनची. अ‍ॅम्प्लिफायरमधून निघून आरसी नेटवर्कमधून फिरून परत आलेला सिग्नल जिथून निघाला तिथल्यासारखाच असला पाहिजे: मापाने तेवढाच, म्हणजे लूप गेन १, आणि फेजमध्ये एकही अंश पुढे-मागे नाही, म्हणजे एकूण फेज शिफ्ट ३६० अंश. इन्व्हर्टिंग अ‍ॅम्प्लिफायर त्यातले १८० देतो, उरलेले १८० तीन आरसी जोड्यांनी द्यायचे. फ्रिक्वेन्सी फेजच्या अटीवरून ठरते आणि लागणारा गेन त्या फ्रिक्वेन्सीला नेटवर्क सिग्नल किती खातं त्यावरून. हा क्रम लक्षात ठेवला की पुढचं सगळं सोपं जातं.

पहिला उमेदवार एका ऑपअँपचा. आउटपुटपासून निघालेले तीन कपॅसिटर ओळीने, पहिल्या दोघांनंतर ग्राउंडला एकेक रेझिस्टर. तिसरा रेझिस्टर ग्राउंडला न जाता थेट इन्व्हर्टिंग इनपुटला जातो, आणि तिथे आभासी ग्राउंड असल्यामुळे तोच नेटवर्कचा तिसरा R आणि तोच अ‍ॅम्प्लिफायरचा इनपुट रेझिस्टर, अशी दुहेरी नोकरी करतो. या काटकसरीमुळेच हे सर्किट पाठ्यपुस्तकांत टिकून आहे.

दुसरा उमेदवार चार ऑपअँपच्या एका आयसीचा. इथे रेझिस्टर ओळीत आणि कपॅसिटर ग्राउंडला. प्रत्येक जोडीनंतर एक बफर, असे तीन, आणि चौथा ऑपअँप इन्व्हर्टिंग अ‍ॅम्प्लिफायर.

आता २९ आणि ८ यांचा उगम. बफर असले की एकही जोडी पुढच्या जोडीला करंट देत नाही. तिघी सारख्या आणि स्वतंत्र, म्हणून प्रत्येकीच्या वाट्याला ६० अंश येतात. साध्या आरसी जोडीत ६० अंशांना सिग्नल बरोबर निम्मा होतो. तीनदा निम्मा केला की आठवा भाग उरतो, म्हणून गेन ८.

बफर काढले की दुसरी जोडी पहिलीवर आणि तिसरी दुसरीवर लोड टाकते. मग प्रत्येकी ६० अंश ही सोयीस्कर वाटणी राहत नाही. तीन सारख्या जोड्यांचं समीकरण मांडून काल्पनिक भाग शून्य केला, तर १८० अंश वेगळ्याच फ्रिक्वेन्सीला मिळतात, आणि तिथे वास्तव भाग १ − ३० म्हणजे −२९ येतो. हा वाढीव तोटा निव्वळ लोडिंगचा आहे.

```
साधा (C ओळीत):      f = 1/(2π·√6·R·C),   गेन 29
बफरवाला (R ओळीत):   f = √3/(2π·R·C),     गेन 8
```

(ट्रान्झिस्टरच्या सर्किटातला ४४.५ हा आकडा तिसऱ्याच गोष्टीचा आहे, तिथे hfe ची किमान गरज मोजलेली असते. परीक्षेत या तिघांची सरमिसळ सर्रास होते.)

प्रत्यक्ष किमती लावू. दोन्हीकडे C = १० नॅनोफॅरड. साध्या सर्किटात १ किलोहर्ट्झला R सुमारे ६.५ किलो येतो. हाताशी ६.८ किलो असेल तर ९५५ हर्ट्झ मिळतील. फीडबॅक रेझिस्टर २९ पट, म्हणजे १९७ किलो. २०० किलो लावला तर गेन २९.४, जेमतेम दीड टक्का जास्त. पाच टक्क्यांचे रेझिस्टर हा दीड टक्का सहज गिळतात, म्हणून मी २२० किलो लावतो. बफरवाल्यात R साठी २७ किलो घेतले की १०२१ हर्ट्झ येतात. इनपुट रेझिस्टर १० किलो असेल तर फीडबॅकला किमान ८० किलो हवेत. ८२ किलोला गेन ८.२, ९१ किलोला ९.१.

८.२ आणि ९.१ मधला फरक मामुली दिसतो, पण लूप गेनची अट खरी कळते ती इथेच. बफरवाल्या सर्किटाचं समीकरण इतकं सरळ आहे की सिग्नल किती वेगाने वाढेल हे हाताने काढता येतं. गेनचं घनमूळ घ्या, निम्मं करा, त्यातून १ वजा करा आणि RC ने भागा. गेन ८.२ असताना उत्तर सेकंदाला सुमारे ३१ येतं, म्हणजे १ मिलिव्होल्टचा गोंगाट १० व्होल्टपर्यंत पोचायला सुमारे ०.३ सेकंद. ९.१ ला तेच काम ०.०६ सेकंदात होतं. आणि गेन ७.९ राहिला तर उत्तर ऋण येतं. सप्लाय चालू करताना स्कोपवर एक लाट उमटते, हळूहळू लहान होते आणि विरते. हे दृश्य दिसलं की फेज तपासत बसू नका, गेन थोडा कमी पडतोय.

बरोबर ८ ठेवू असं कुणी म्हणेल, पण तो आकडा रेझिस्टरने लावता येत नाही. लूप गेन १ हा शेवटी सर्किट स्वतः गाठतं. तुम्ही १ पेक्षा थोडा जास्त देता, आयाम वाढत जातो, ऑपअँपचं आउटपुट सप्लायच्या जवळ जाऊन माथ्यावर कापलं जाऊ लागतं, आणि त्या कापण्यामुळे सरासरी गेन घटून लूप गेन १ वर येऊन थांबतो. म्हणजे थोडी विकृती ही या दोन्ही सर्किटांची ठरलेली किंमत आहे. ती किंमत कोण किती वसूल करतं, यावर माझा निर्णय होतो.

साध्या सर्किटात कपॅसिटर ओळीत आहेत, आणि कपॅसिटर वरच्या फ्रिक्वेन्सी जास्त सहज सोडतो. हिशेब केला तर तिसरा हार्मोनिक मूळ फ्रिक्वेन्सीच्या मानाने जवळपास सहापट प्रमाणात परत इनपुटला येतो. शिवाय आउटपुट घ्यायचं ते ऑपअँपच्या पायावरून, जिथे माथा कापला गेलाय तिथूनच. बफरवाल्यात नेमकं उलटं होतं. कापलेली लाट तीन गाळण्यांतून जाते, आणि तिसऱ्या बफरवर पोचेपर्यंत तिसरा हार्मोनिक मूळ फ्रिक्वेन्सीच्या तुलनेत साडेअठरा पटींनी दबतो. अ‍ॅम्प्लिफायर इतका ठोकला की चौकोनी लाट झाली, तरी तिच्यातला ३३ टक्के तिसरा हार्मोनिक तिथे १.८ टक्क्यांवर येतो. गेन ९.१ ला तर कापणं त्याहून पुष्कळ सौम्य असतं. लाटेच्या स्वच्छतेत दोघांची तुलनाच होत नाही.

मग साध्या सर्किटातच रेझिस्टर ओळीत का टाकू नयेत? हा मोह मलाही झाला होता. R १० किलो, C १०० नॅनोफॅरड, इनपुट रेझिस्टरही सवयीने १० किलो, फीडबॅकला ३०० किलो. हिशेबाने ३९० हर्ट्झ यायला हवे होते, आणि स्कोपवर सपाट रेघ. दोन ऑपअँप बदलल्यावर डोक्यात प्रकाश पडला. या मांडणीत तिसऱ्या जोडीचा R ओळीत आहे, त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायरचा इनपुट रेझिस्टर हे चौथं, वेगळं लोड होतं. ते धरून समीकरण पुन्हा सोडवलं, तर फेजची अट ωRC = √१० ला पूर्ण होते आणि लागणारा गेन निघतो ५६. फीडबॅकला ६२० किलो लावताच सर्किट सुरू झालं, तेही सुमारे ५०० हर्ट्झला. इनपुट रेझिस्टर R च्या कितीतरी पट ठेवला तर २९ परत मिळतो, पण मग फीडबॅक रेझिस्टर मेगाओहममध्ये जातो. बफरवाल्यात तिसरा बफर आहे तो यासाठीच.

फ्रिक्वेन्सीच्या स्थैर्यात फरक आहे, पण थोडा. ऑपअँपने १ अंश जादा फेज लावली तर बफरवाली फ्रिक्वेन्सी सुमारे १.३ टक्के सरकते, साध्याची १.७ टक्के. १ किलोहर्ट्झच्या आसपास कपॅसिटरची टॉलरन्स याहून मोठी असते, म्हणून यावर निवड ठरवू नये. १० किलोहर्ट्झला मात्र एलएम३२४ चा वेग दोन्हीकडे आड येतो: १० व्होल्ट शिखराच्या साइनला मायक्रोसेकंदाला ०.६३ व्होल्ट लागतात, आणि तो साधारण ०.५ देतो. लाट त्रिकोणी दिसू लागते. शिवाय या आयसीची शून्याजवळची खाच ओळखीची आहे. आउटपुटपासून ऋण सप्लायला एक रेझिस्टर लावला की ती जाते. टीएल०७४ घेतलात तर दोन्ही कटकटी नाहीत.

चाचणीबद्दल एक सांगतो, कारण साधं सर्किट इथे फसवतं. सुरू होत नसेल तर लूप तोडून बाहेरून साइन द्या आणि दोन्ही टोकं स्कोपच्या एक्स-वाय मोडवर पाहा. लंबवर्तुळाची तिरकी रेघ होते ती फ्रिक्वेन्सी फेजची अट पाळते, आणि त्याच वेळी परत आलेला सिग्नल दिलेल्यापेक्षा मोठा असेल तर गेनचीही. पण साध्यात लूप इनपुट रेझिस्टरपाशी तोडला तर नेटवर्कचा तिसरा R च निघून जातो आणि मोजमाप भलत्याच सर्किटाचं होतं. तोडायचं असेल तर ऑपअँपच्या आउटपुटपाशी, पहिल्या कपॅसिटरच्या अलीकडे. बफरवाल्यात कोणत्याही बफरच्या आउटपुटपाशी तोडा, काही बदलत नाही.

मधला एक मार्गही आहे, आणि तो उगाच दुर्लक्षित राहतो. ऑपअँप एकच, कपॅसिटर ओळीतच, पण प्रत्येक पुढच्या जोडीचा R दहापट आणि C दशांश: १ किलो, १० किलो, १०० किलो आणि १००, १०, १ नॅनोफॅरड. पुढची जोडी मागचीवर जवळजवळ लोडच टाकत नाही, त्यामुळे लागणारा गेन २९ वरून ९.३ वर उतरतो आणि फ्रिक्वेन्सी ८९० हर्ट्झच्या आसपास येते. फीडबॅकला १ मेगाओहम लावला की गेन १० होतो आणि काम भागतं. हार्मोनिकचा दोष मात्र तसाच राहतो.

म्हणून माझी निवड अशी. बझर, टोन किंवा प्रयोगवहीतला प्रयोग असेल तर साधा, २२० किलोसकट. बोर्डवर जागा एकाच ऑपअँपची आहे आणि गेनची ओढाताण नको, तर दहापटीचा. लाट पुढे कशाचं मोजमाप करायला वापरणार असाल, तर बफरवाला, ९१ किलो लावून, आउटपुट तिसऱ्या बफरवरून. आणि नॉब फिरवून फ्रिक्वेन्सी बदलायची असेल तर यातलं काहीच नको. तीन रेझिस्टर एकसाथ सारखे फिरवण्यापेक्षा वीन ब्रिजचे दोन परवडतात.