सभेचे इतिवृत्त बोलून लिहिताना : काही महिन्यांच्या वापरानंतर

रत्नागिरी तालुक्यातील आमच्या मच्छीमार सहकारी संस्थेच्या मासिक सभेचे इतिवृत्त मी गेले काही महिने फोनच्या कीबोर्डवरील मायक्रोफोन वापरून, भाषा ‘मराठी (भारत)’ ठेवून तयार करीत आहे. सभेतच फोन चालू ठेवण्यात अर्थ नाही, कारण पंखा, वारा आणि एकाच वेळी बोलणारी चार माणसे यांतून काहीच धड उमटत नाही. सभेत हाताने टिपणे काढायची आणि नंतर शांतपणे ती पूर्ण वाक्यांत सांगायची, हीच पद्धत चालते. ‘ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला’ यासारखी ठरलेली वाक्ये सहसा बिनचूक येतात.

खरी अडचण नावांची आहे. हे तंत्र ऐकू आलेल्या ध्वनीला जवळचा, पण नेहमीच्या वापरातील शब्द निवडते. त्यामुळे ‘पावस येथील सभासद’ हे ‘पाऊस येथील सभासद’ होते, आणि सभेत पावसाचीही चर्चा झालेली असल्याने सर्व ठिकाणी एकदम बदल करता येत नाही. कीबोर्डच्या शब्दकोशात आडनावे भरून पाहिली. टंकताना त्यांचा उपयोग झाला, बोलताना माझ्या फोनवर फरक पडला नाही. आता मी प्रत्येक वक्त्याला मोगरा, अबोली, जास्वंद असे फुलाचे नाव देतो, कारण हे शब्द अचूक ओळखले जातात आणि आमच्या इतिवृत्तात एरवी येत नाहीत. (अध्यक्षांना हे अद्याप ठाऊक नाही.) मात्र ‘मोगऱ्याने’ न म्हणता ‘मोगरा यांनी’ म्हणावे, म्हणजे मूळ शब्द बदलत नाही आणि शेवटी ‘शोधा व बदला’ने खरे नाव सगळीकडे नीट बसते.

आकड्यांची चूक अधिक धोक्याची, कारण ती डोळ्यांना खटकत नाही. ‘साडेसत्तावीस हजार’ हे ‘साडे २७ हजार’ असे आले तर निदान लक्षात तरी येते. शेडच्या दुरुस्तीच्या ठरावात पत्र्यांचे ५७,४००, सुतारकामाचे १८,२५० आणि मजुरीचे २१,८५० असे एकूण ९७,५०० रुपये होते. ‘सत्तावन्न’चे ‘सत्त्याण्णव’ झाले आणि पत्र्यांची रक्कम ९७,४०० अशी उमटली. बेरीज १,३७,५०० येऊ लागली, म्हणजे बरोबर ४०,००० जास्त, म्हणून चूक सापडली. एकच रक्कम असलेल्या ठरावात असा ताळा उपलब्ध नसतो. त्यामुळे आता बोलताना रकमेच्या जागी केवळ ‘आकडा’ म्हणतो, नंतर तो शब्द शोधून टिपणांवरून रक्कम हाताने टंकतो आणि ‘अक्षरी रुपये’ही तेव्हाच लिहितो. बोटींच्या नोंदणी क्रमांकांनाही हाच नियम लावतो.

सभासदांचे ‘सांगितलान’, ‘केलान’ यांसारखे बोलीतील शब्द जसेच्या तसे नोंदवायचे असतील, तर मात्र ही सोय कामाची नाही.