नेट गेलं की टायमर: वेळापत्रक कुठे, घड्याळ कुठे?

आमच्या गच्चीवर वीस ड्रिपर आहेत, प्रत्येकी ताशी ४ लिटरचे. सकाळी साडेसहाला पंप दहा मिनिटं चालला की सगळ्या कुंड्यांना मिळून तेरा लिटर मिळतं, तेवढं पुरतं. मे महिन्यात गावी असताना पंपाच्या वायफाय प्लगला ‘चालू’ वेळेवर पोचलं, ‘बंद’ मात्र पोचलंच नाही. मधल्या दहा मिनिटांत नेट गेलं होतं. साडेअकराला शेजारच्या काकूंचा फोन आला, तोवर चारशे लिटर पाणी गेलं होतं.

त्या प्लगमध्ये वेळापत्रक नव्हतंच. ते कंपनीच्या सर्व्हरवर होतं आणि वेळ झाली की तिथून हुकूम यायचा. पोर्चच्या दिव्याला हे चालून जातं. दिवा दुपारपर्यंत जळत राहिला तर काय बिघडतं? पाण्याला चालत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे वेळापत्रक स्वतःत साठवणारा प्लग. नुसतं नेट गेलं तर हा बिनचूक चालतो. पण यातल्या बहुतेकांच्या घड्याळाला सेल नसतो, वीज आली की ते इंटरनेटवरून वेळ विचारतात. वळवाच्या पावसात वीज आणि नेट दोन्ही जातात, वीज आधी येते. मग प्लगला वेळापत्रक पाठ असतं, पण किती वाजलेत हे कळत नाही.

घेतल्यावर दिवा लावून तपासा. नेट असतानाच ‘चालू’च्या दोन वेळा लावा, दहा आणि वीस मिनिटांनंतरच्या. राउटर चालू ठेवून त्यात येणारी फायबरची वायर काढा. पहिल्या वेळेला दिवा लागला तर वेळापत्रक प्लगमध्ये आहे. मग बटणाने दिवा बंद करा, प्लग सॉकेटमधून काढून परत लावा. दुसऱ्या वेळेलाही लागला तर घड्याळही त्याचंच.

तिसरा प्रकार नळाला बसणारा, सेलवर चालणारा टायमर. त्याला ना वीज लागते ना नेट. तोटा एवढाच, की पाऊस पडला तरी गावाहून थांबवता येत नाही. घेताना व्हॉल्व्ह मात्र बघा. टाकी नळाच्या दीड मीटर वर असेल तर दाब जेमतेम ०.१५ बार असतो. पडद्याच्या सोलेनॉइड व्हॉल्व्हला तो सहसा पुरत नाही. मोटरने फिरणारा बॉल व्हॉल्व्ह घ्यावा. (चकतीचा जुना टायमर स्वस्त असतो, पण वीज दोन तास गेली की पुढे रोज दोन तास मागे.)

टाकी उंचावर असेल तर मी डोळे झाकून हा तिसरा घेईन. पंप लागतच असेल तर दुसरा, पण ॲपमध्ये `Inching` असेल तरच. त्यात ६०० सेकंद भरले की चालू झाल्यापासून दहा मिनिटांनी प्लग आपला आपण बंद होतो. त्याला फक्त सेकंद मोजायचे असतात, किती वाजलेत याच्याशी देणंघेणं नाही. वीज परत आल्यावर प्लग बंदच राहील असंही सेट करावं, नाहीतर पंप भर दुपारी सुरू व्हायचा.

माझा जुना प्लग आता पोर्चच्या दिव्याला आहे.