पिटिशन फाइल करायच्या आधी कशी तपासायची: स्क्रीनवर, प्रिंटवर की दोघांनी वाचून?

उद्या फायलिंग आहे, सिनियरनी ड्राफ्ट ओके केलाय आणि हातात संध्याकाळचे दोन-तीन तास आहेत. आता तपासायचं कसं? वर्डमध्येच स्क्रीनवर बघायचं, प्रिंट काढून पेन घेऊन एकट्याने बसायचं, की दोघांनी बसायचं, म्हणजे एकाने मूळ ऑर्डर हातात धरायची आणि दुसऱ्याने पिटिशन मोठ्याने वाचायची? बरेच जण यातलं एकच काहीतरी करतात आणि पिटिशन तपासली असं समजतात. माझं मत सांगते, प्रेयर प्रिंटवर एकट्याने, केसचे तपशील दोघांनी आणि फॉरमॅटिंग स्क्रीनवर, कारण या तिन्ही जागी चुका होतात त्या वेगळ्या कारणाने होतात.

एक नेहमीचं मॅटर घेऊ, आकडे अर्थातच उदाहरणापुरते. जमिनीचा दावा, रे. मु. नं. २१४/२०१९. ट्रायल कोर्टाने निशाणी ५ चा अर्ज मंजूर करून वादीला तात्पुरता मनाई हुकूम दिला, प्रतिवादी जिल्हा न्यायालयात किरकोळ दिवाणी अपिलात गेला, अपील मंजूर झालं, मनाई उठली, आणि आता वादी मुंबई हायकोर्टात कलम २२७ खाली आलाय. म्हणजे एकच माणूस खाली प्लेंटिफ, मधे रिस्पॉन्डंट आणि वर पिटिशनर, शिवाय ऑर्डरी दोन, नंबर दोन, तारखा दोन.

आधी प्रेयर. आपल्याकडे पिटिशन कोरी कोणी लिहीत नाही, जुन्या मॅटरची फाइल उघडून त्यावरच काम होतं आणि त्यात गैर काही नाही. पण ती जुनी पिटिशन अशा मॅटरची असेल जिथे दोन्ही कोर्टांत अशील हरला होता, तर तिच्या प्रेयरमध्ये दोन्ही ऑर्डर रद्द करा असं असणार. तेच नंबर बदलून इथे आलं की आपण आपल्याच बाजूने झालेली निशाणी ५ वरची ऑर्डर रद्द करा असं मागून बसतो! वाक्य व्याकरणाने बरोबर, नंबर बरोबर, स्पेलचेक गप्प, आणि मोठ्याने वाचलं तरी कानाला काही खटकत नाही. इथे हवं काय, तर फक्त अपिलातली ऑर्डर रद्द आणि ट्रायल कोर्टाची ऑर्डर कायम.

ही चूक दोघांनी वाचून सापडत नाही कारण वाचणारा शब्दाला शब्द जुळवत असतो, अर्थ लावत नसतो. म्हणून प्रेयरचं पान वेगळं प्रिंट करा, बाकीची पिटिशन बाजूला ठेवा आणि प्रत्येक क्लॉजपुढे समासात साध्या मराठीत लिहा की उद्या कोर्टाने नेमकं एवढंच मंजूर केलं तर अशिलाला हातात काय मिळेल. जिथे उत्तर लिहिताना अडखळाल तिथे क्लॉज तपासा. जुन्या फाइलमधून कलम २२६ आणि सर्शिओरारीची भाषा आलीये का तेही याच बैठकीत बघून घ्या, कारण दिवाणी कोर्टाच्या न्यायिक ऑर्डरला २२६ खाली सर्शिओरारी लागू नाही, २२७ खालीच यावं लागतं, हे सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये राधेश्याम विरुद्ध छबीनाथमध्ये स्पष्ट केलंय.

मग क्लॉजची अक्षरं. कोर्टात बहुतेक वेळा तोंडी मागणी होते ती "प्रेयर क्लॉज सी प्रमाणे ॲड-इंटरिम द्या" अशी, आणि ऑर्डरही तशीच होते. ड्राफ्टमध्ये मधला एक क्लॉज उडवला की वर्ड खालची अक्षरं आपोआप सरकवतं, पण "क्लॉज (डी) प्रमाणे ॲड-इंटरिम मिळावा" हे वाक्य हाताने टाइप केलेलं असतं ते तसंच राहतं, आणि डी म्हणजे आता खर्चाचा क्लॉज झालेला असतो. हे मात्र स्क्रीनवरच पटकन सापडतं, Ctrl+F करून क्लॉज हा शब्द शोधायचा आणि प्रत्येक ठिकाणचं अक्षर प्रेयरच्या पानाशी ताडून बघायचं.

आता तपशील, म्हणजे नंबर, तारखा, नावं, गट नंबर, क्षेत्र. इथे एकट्याने कितीही डोळे फाडून बघितलं तरी उपयोग कमी, कारण ड्राफ्ट करणाऱ्याला २१४ पाठ झालेलं असतं आणि २४१ छापलेलं असलं तरी तो २१४ च वाचतो. इथे दोघं हवेतच. त्यातही पिटिशन वाचणाऱ्याने आकडे सुटे वाचायचे, "दोनशे चौदा" नाही, "दोन, एक, चार", आणि दुसऱ्याने सर्टिफाइड कॉपीवर बोट ठेवून हो म्हणायचं. सिनॉप्सिसशी ताडू नका, सिनॉप्सिस आपलीच आहे, चूक तिथूनच आत आलेली असू शकते.

खालच्या कोर्टाचे कागद मराठीत असले तर अजून एक धोका असतो, देवनागरी ४ घाईत इंग्रजी 8 सारखा दिसतो आणि देवनागरी १ हा 9 सारखा, त्यामुळे अस्पष्ट झेरॉक्सवरून टाइप करताना गट नंबर ४१ चा 89 होतो. असं काही शंकास्पद वाटलं तर सातबारा काढून बघा, आणि केसच्या नंबरासाठी ई-कोर्ट्सच्या साइटवर सीएनआर टाकून बघा. तो सोळा अक्षर-आकड्यांचा असतो आणि त्याचे शेवटचे चार आकडे वर्षाचे असतात. तिथे पक्षकारांची नावं आणि केसचा प्रकारही दिसतो, म्हणजे रेग्युलर आणि स्पेशल दाव्याची गल्लत लगेच कळते.

फॉरमॅटिंगला एवढा वेळ लागत नाही. परिच्छेदांचे नंबर सलग आहेत का, व्हेरिफिकेशनमध्ये परिच्छेद १ ते १८ म्हटलंय आणि पिटिशन २१ परिच्छेदांची झालीये का, इंडेक्समधली पानं पेजिनेशननंतरचीच आहेत का, हे स्क्रीनवर होतं. एकच गोष्ट जपा, खालच्या कोर्टाच्या निशाण्या आकड्यांत असतात आणि आपली एक्झिबिट्स अक्षरांत, तर निशाणी ५ ची ऑर्डर आपल्या पिटिशनला एक्झिबिट ई म्हणून जोडली असली तर दोन्हींचा उल्लेख सगळीकडे एकाच ठरलेल्या पद्धतीने करा. आणि ट्रायलच्या जागी ट्रेल, नाऊच्या जागी नॉट असे शब्द स्पेलचेकला बरोबरच वाटतात, ते प्रिंटवरच दिसतात.

दोन तासच असतील तर पहिला पाऊण तास प्रेयरला द्या, नंतर दुसरा माणूस मिळतोय तोवर तपशील उरका, फॉरमॅटिंग शेवटी. दुसरं कोणी नसेल तर ऑफिसच्या क्लार्कला बसवा, त्याला कायदा कळायची गरज नाही, उलट त्याला मॅटर माहीत नसतं म्हणून तो छापलंय तेच वाचतो.

फॉरमॅटिंगमधलं काही राहिलं तर रजिस्ट्री ऑब्जेक्शन काढते, ते दूर करता येतं, दिवस जातात एवढंच. चुकीचा नंबर मात्र रजिस्ट्रीच्या नजरेतून सुटून थेट ऑर्डरमध्ये जाऊ शकतो, मग स्पीकिंग टू द मिनिट्ससाठी परत मॅटर लावून घ्या, आणि तोपर्यंत खालच्या कोर्टात ती ऑर्डर दाखवली की समोरचा वकील म्हणणार ही या दाव्यातली नाहीच. प्रेयर चुकली तर अमेंडमेंटची परवानगी मागावी लागते, आणि ती ॲड-इंटरिमच्या सुनावणीला उभं असताना समोरच्याने दाखवून दिली तर त्या दिवशीचा दिलासा हातचा जाऊ शकतो. म्हणून हे सगळं ॲफिडेव्हिट होण्याआधीच व्हायला हवं, अशिलाने शपथेवर सही केल्यावर आपल्या मनाने पान बदलता येत नाही.